घरी पहिल्यांदा गणपती बसवताना

जालना जिल्ह्यात राजूरच्या गणपतीला कधीच न गेलेले घर सापडणे अवघड. अंगारकीला भोकरदन तालुक्यातल्या या गावाकडे जालन्याहून माणसे रात्रभर पायी चालत जातात. तरीही यातल्या कित्येक घरांत भाद्रपदात गणपती बसत नाही. थोरल्या भावाकडे बसतो, गावच्या वाड्यात बसतो, आपण तिथे आरतीला जायचे, अशी रीत असते. मग चूल वेगळी होते, नोकरीमुळे बिऱ्हाड शहरात येते, मुले विचारू लागतात आणि एखाद्या वर्षी ठरते, की यंदा आपल्याच घरी बसवू. हा लेख त्या पहिल्या वर्षासाठी आहे.

आधी एक शंका मिटवू. भाऊ वेगळे राहतात, चुली वेगळ्या आहेत, तर प्रत्येकाने आपल्या घरी गणपती बसवला तरी चालतो. पंचांगकर्तेही हेच सांगतात. थोरल्या घरी जाऊन एकदा सांगावे, एवढा मान मात्र राखावा. ‘एकदा बसवला की दरवर्षी बसवावाच लागतो, चुकला तर कोप होतो’ हेही कोणी ना कोणी ऐकवेलच. पण सुतक आले, घर बंद राहिले, तर त्या वर्षी गणपती बसत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसतो. जुन्या घरांतही असेच चालत आले आहे.

खरा निर्णय दिवसांचा आहे. कोकणात दीड दिवसाचा किंवा गौरीबरोबर जाणारा गणपती घरोघरी असतो. आपल्याकडे मराठवाड्यात बहुतेक घरांत तो अनंत चतुर्दशीपर्यंत राहतो, म्हणून नव्या घरालाही दहा दिवसच ठेवावेसे वाटतात. ते ठरवण्याआधी घरात सकाळी आणि संध्याकाळी कोण असते ते बघा. गणपती एकदा बसला, की रोज दोन वेळा पूजा, नैवेद्य आणि आरती आली, आणि घराला कुलूप लावून गावाला जाणे बंद झाले. समजा नवरा एमआयडीसीतल्या कारखान्यात पाळीने कामाला आहे आणि बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. घरात दोन मुले आहेत, मोठे माणूस नाही. अशा घराने पहिल्या वर्षी दीड किंवा पाच दिवस ठेवले, तर काही उणे नाही. त्यातच घरी महालक्ष्म्या उभ्या राहत असतील, तर अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन हे तीन दिवस सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील आणि फुलोरा यांतच जातात. नव्या गृहिणीने दोन्ही एकाच वर्षी सुरू करू नये, असे माझे मत आहे.

मूर्ती आणायला चतुर्थीच्या सकाळी जाऊ नका. आठ-दहा दिवस आधी ठरवून ठेवा, म्हणजे निवडायला वाव राहतो. घरच्या पूजेला वीतभर उंचीची, बैठी मूर्ती पुरते. इंचांत सांगायचे तर आसनासकट आठ-नऊ इंच. उंची वाढली, की वजन वाढते आणि पुढे विसर्जनाचीही अडचण होते. शाडूची आणि प्लास्टरची मूर्ती रंग दिल्यावर सारखीच दिसते, म्हणून ती उलटी करून तळ बघावा. शाडूचा तळ राखाडी-मातकट असतो, नखाने ओरखडले की भुकटी निघते आणि मूर्ती हातात अंगाच्या मानाने जड लागते. प्लास्टरची मूर्ती हलकी असते, आतून पोकळ असते आणि तळ पांढरा खडूसारखा दिसतो. विकणारा तळ दाखवायला कुरकुर करत असेल, तर पुढच्या दुकानात जावे. रंग जितका पातळ आणि मातकट, तितके पाण्यात विरघळणे सोपे. चमकीची आणि खड्यांची मूर्ती डोळ्यांत भरते, पण तो सगळा साज पाण्यात तसाच उरतो.

शाडू ठिसूळ असतो. मूर्ती हाताला, सोंडेला किंवा खांद्याला धरून उचलली, की तिथेच तडा जातो. दोन्ही तळवे आसनाखाली घालून उचलावी, ताटात किंवा पाटावर ठेवावी आणि दुचाकीवरून आणायची असेल, तर मागे बसणाऱ्याने ती मांडीवर धरावी. प्राणप्रतिष्ठेआधी मूर्ती दुखावली तर दुसरी आणायची, एवढेच. प्रतिष्ठेनंतर दुखावली तर अक्षता वाहून उत्तरपूजा करावी आणि विसर्जन करावे. अपशकुन झाला म्हणून घर धास्तावून जाते, तसे काही मनात आणू नये.

जागा आदल्या दिवशी, म्हणजे हरतालिकेलाच तयार ठेवा. प्राणप्रतिष्ठा झाल्यावर मूर्ती जागची हलवायची नसते, म्हणून सगळी तपासणी त्याआधी व्हायला हवी. चौरंग जमिनीवर डुगडुगतो का, हे हाताने दाबून बघा. भाद्रपदातला पाऊस असतो, तेव्हा ओल येणाऱ्या भिंतीला आणि गळणाऱ्या पत्र्याखाली जागा नको. शाडू ओल धरतो. पंख्याचा झोत समईवर येतो का, तेही बघा. देवाचे तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला असावे, अशी पद्धत आहे. पण दोन खोल्यांच्या घरात भिंत दुसरीच निघाली, तर त्यावरून वाद घालू नये. समोर दोन माणसांना मांडी घालून बसता आले पाहिजे, ही गोष्ट दिशेपेक्षा महत्त्वाची, कारण आरतीला जागा नसेल तर मुले दारात उभी राहतात आणि तिसऱ्या दिवशी येईनाशी होतात. सजावट कापड, पुठ्ठा, कागद आणि फुले यांची करावी. थर्माकोलच्या मखरावर राज्यात 2018 पासून बंदी आहे. समई आणि कापडी पडदा यांत हातभर अंतर राहू द्या, आणि दिव्यांच्या माळेची पिन आरतीनंतर काढून ठेवा.

चतुर्थीच्या सकाळी मूर्ती घरात येते, तेव्हा तोंडावर रुमाल किंवा उपरणे असते. दारात थांबायचे. घरातल्या बाईने आणणाऱ्याच्या पायांवर दूध-पाणी घालावे, भाकरतुकडा आणि पाणी ओवाळून बाहेर टाकावे, देवाला आणि आणणाऱ्याला कुंकू लावून औक्षण करावे. चौरंगावर स्वस्तिक काढून त्यावर मूठभर तांदूळ पसरलेले असतात, त्यावर मूर्ती ठेवायची. मूर्ती आदल्या दिवशीच आणली असेल, तर ती झाकूनच ठेवावी आणि रुमाल पूजेच्या वेळी काढावा.

मुहूर्ताच्या धास्तीने पहिल्या वर्षी घरे उगाच घाईला येतात. गणेशपूजनाचा मुख्य काळ मध्यान्ह. सूर्योदय ते सूर्यास्त या दिवसाचे पाच सारखे भाग केले, तर त्यातला तिसरा भाग म्हणजे मध्यान्ह. ऑगस्टच्या अखेरीस जालन्यात सूर्य सकाळी सहा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी पावणेसातला मावळतो. दिवस झाला साडेबारा तासांच्या जरा वरचा, एक भाग अडीच तासांचा, म्हणजे मध्यान्ह साधारण सव्वाअकरा ते पावणेदोन. चतुर्थी सप्टेंबरात आली, तरी यात दहा मिनिटांपेक्षा फारसा फरक पडत नाही. सकाळपासून मध्यान्हापर्यंत केव्हाही पूजा चालते, असे पंचांगकर्ते दरवर्षी सांगतात, आणि राहुकाळ त्या दिवशी बघावा लागत नाही. त्यामुळे पाळीला जायचे असलेल्या घराने सकाळी सातला पूजा केली, तरी ती पूजा बरोबरच.

त्या सकाळी गुरुजी एका घरातून दुसऱ्या घरात पळत असतात, नव्या घराला वेळ मिळणे कठीण. महिनाभर आधी सांगून ठेवावे किंवा पोथी समोर ठेवून आपण आपली पूजा करावी. संस्कृत अडखळले, तर पोथीत मराठीत दिलेला अर्थ वाचून तो उपचार करावा. क्रम असा असतो. आधी आचमन आणि संकल्प. मग समई, कलश, शंख आणि घंटा यांची पूजा. मग प्राणप्रतिष्ठा: मूर्तीच्या हृदयाशी उजव्या हाताची बोटे टेकवून मंत्र म्हणायचा आणि दूर्वेने डोळ्यांना तूप लावायचे. त्यानंतर सोळा उपचार: आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, जानवे, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य, प्रदक्षिणा, नमस्कार आणि मंत्रपुष्प.

यात नवी माणसे हमखास फसतात ती स्नानाला. पोथीत पंचामृत असे वाचून कोणी मूर्तीवर दूध-दही ओतले, की शाडूचा रंग ओघळतो आणि मातीला भेगा पडतात. मातीच्या मूर्तीवर दूर्वा किंवा फूल पंचामृतात, मग पाण्यात बुडवून नुसते शिंपडायचे. खरे स्नान शेजारी तबकात ठेवलेल्या सुपारीच्या किंवा घरातल्या पितळी गणपतीला घालायचे. गंधही मूर्तीला ओले, पातळ लावू नये. कपाळावर आणि पायावर बोटाने टिकली द्यावी. हारही हलका असावा, झेंडूचा जाड हार शाडूच्या सोंडेवर आणि कानांवर रेलतो.

पत्री एकवीस प्रकारची सांगितलेली आहे. बाजारात जुडी मिळते, पण त्यातली अर्धी पाने कशाची आहेत हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. आघाडा, शमी, बेल, माका, धोतरा, कण्हेर, बोर, डाळिंब, रुई एवढी तरी आपल्या बांधावर आणि परसात ओळखून तोडता येतात. मुलांना घेऊन गेलात, तर तीच त्यांची वनस्पतींची तोंडओळख होते. एरवी गणपतीला तुळस वाहत नाहीत, या दिवशी पत्रीत मात्र ती चालते. दूर्वा म्हणजे आपली हरळी. कोवळी, तीन किंवा पाच पात्यांची, अशा एकवीस दूर्वांची जुडी करावी. कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या बांधावरून घेताना तिथे तणनाशक फवारले आहे का, हे शेतमालकाला विचारा. पिवळट, टोके करपलेली हरळी दिसली तर ती सोडून द्यावी. फुलांत लाल जास्वंद असेल तर उत्तम, नसेल तर जे ताजे असेल ते.

नैवेद्याचे मोदक आपल्याकडे तळणीचे. उकडीच्या मोदकांच्या पाकळ्या पहिल्याच वर्षी वळायला जाऊन सकाळ घालवण्यापेक्षा घरची कणीक बरी. दोन वाट्या कणकेत चमचाभर रवा, दोन चमचे कडकडीत मोहन आणि चिमूटभर मीठ घालून पीठ घट्ट भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. सारणाला एक वाटी सुक्या खोबऱ्याचा किस मंद आचेवर बदामी भाजा. त्यात चमचाभर भाजलेली खसखस, पाऊण वाटी पिठीसाखर आणि वेलदोड्याची पूड घाला. किस पूर्ण गार झाल्यावरच साखर मिसळा, नाहीतर तिला पाणी सुटते आणि मोदक तळताना फुटतो. सुपारीएवढ्या लाटीची पुरी, तिच्यात दीड चमचा सारण आणि वर घट्ट चिमटलेले टोक, असे केले तर यात एकवीस मोदक बसतात. मध्यम आचेवर तळा. तेल फार तापले, तर वरून लाल आणि आतून कच्चे राहतात. हे मोदक चार दिवस टिकतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचीही सोय होते.

पहिल्या दिवशी सोळा उपचार झाले, की रोज सोळा करावे लागत नाहीत. गंध, फूल, धूप, दीप आणि नैवेद्य हे पाच उपचार पुरेत. वर सांगितलेल्या घराचा दिवस असा लावता येईल. सकाळी सहाला कालचे निर्माल्य काढायचे, चौरंग कोरड्या फडक्याने पुसायचा, सुपारीच्या गणपतीला पाणी घालून पुसून ठेवायचे. नंतर ताज्या दूर्वा, गंध, फूल. नैवेद्याला दूध-साखर, केळे किंवा गूळ-खोबरे. साडेसहाला दोन आरत्या. अथर्वशीर्ष येत असेल तर ते आरतीआधी म्हणावे, पाच-सात मिनिटांत होते. एवढे तासाभरात उरकते आणि सात वाजता डबे भरायला माणूस मोकळे. मोठी आरती संध्याकाळची, साडेसातची, कारण तेव्हा शेजारीही येऊ शकतात. आरतीची वेळ ठरवून ती दारावर लिहून लावली, तर ‘आरती झाली का हो?’ ही विचारणा बंद होते.

संध्याकाळच्या आरतीला निरांजनात तुपाची फुलवात आणि पंचारतीत कापूर एवढे घ्या. दोन वेळा धरून दहा दिवसांना वीस फुलवाती लागतात, थोड्या जास्त वळून ठेवा. आरती देवाच्या पायांपासून वर, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ओवाळायची. लहान मुलाच्या हातात कापराचे तबक देऊ नये. त्याला टाळ द्यावी, घंटा द्यावी. पहिली आरती गणपतीची, ‘सुखकर्ता दुःखहर्ता’. ती समर्थ रामदासांची, आणि समर्थांचा जन्म 1608 साली आपल्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावचा. महाराष्ट्रभर सगळ्यांत जास्त म्हटली जाणारी आरती जालना जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाची आहे, हे घरातल्या मुलांना त्या दहा दिवसांत एकदा तरी सांगावे. ही आरती तोंडपाठ असते आणि म्हणूनच चुकीची पाठ असते. छापील प्रत समोर धरून एकदा म्हणा. ‘उटी’चे ‘ओटी’ होते, ‘फणिवरबंधना’चे ‘फळीवर वंदना’ होते, ‘सदना’चे ‘सजणा’ होते. शेंदराची उटी अंगाला लावायची असते, ओटीचा तिथे काही संबंध नाही. मुले पहिल्या वर्षी जे शिकतील तेच पुढे म्हणत राहतील.

तिच्यानंतर शंकराची, तीही समर्थांची. मग देवीची, विठ्ठलाची आणि दत्ताची. दत्ताची आरती पैठणच्या एकनाथ महाराजांची आहे. शेवटी ‘घालीन लोटांगण’, जागच्या जागी प्रदक्षिणा, मंत्रपुष्पांजली आणि प्रसाद. एवढ्याला वीस मिनिटे लागतात. आठ-आठ आरत्या म्हणणाऱ्या घरांशी बरोबरी करू नका. पाच आरत्या सगळ्यांनी मिळून म्हटल्या, तर घर गोळा होते. दहा म्हटल्या, तर शेवटच्या चारला एकटे वडील उरतात. प्रसादाला रोज नवे गोड करायची गरज नाही. खारीक, खोबरे, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस यांची खिरापत एकदाच डबाभर करून ठेवली, की पाच दिवस निघतात. नंदादीप रात्रभर तेवत ठेवण्याची सक्ती नाही. राखायला कोणी जागे नसेल, तर झोपताना दिवा शांत करावा. उंदरांनी पेटती वात ओढून नेल्याच्या गोष्टी नुसत्या गोष्टी नसतात.

मध्येच सोयर किंवा सुतक आले, तर शेजारच्या किंवा नात्यातल्या माणसाकडून पूजा-नैवेद्य करून घ्यावा. तेही जमले नाही, तर त्याच्याच हातून उत्तरपूजा करवून लवकर विसर्जन करावे. घरात गरोदर बाई असेल, तर मूर्ती बुडवू नये, असे काही ठिकाणी सांगतात. त्याला आधार नाही. ठरल्या दिवशी विसर्जन करावे.

विसर्जनाच्या दिवशी आरती करून पंचोपचार पूजा करायची, दही-पोह्यांची शिदोरी दाखवायची आणि अक्षता वाहून मूर्ती चौरंगावरच किंचित सरकवायची. तेवढ्याने उत्तरपूजा झाली, आता मूर्ती हलवता येते. शहरात बहुतेकांची पावले मोती तलावाकडे वळतात. कुंडलिकेला त्या दिवसांत पाणी असेलच असे नाही, आणि पाणी असले तरी गर्दीत लहान मुलांना घेऊन काठावर उतरणे धोक्याचे. वीतभर शाडूच्या मूर्तीला घरातली बादलीच बरी. पंचवीस लिटरची, रुंद तोंडाची बादली घ्या. मूर्ती बुडून मुकुटावर चार बोटे पाणी राहिले पाहिजे. नळाला रोज पाणी येत नाही अशा वस्तीत आदल्या पाळीला हे पाणी वेगळे भरून ठेवावे लागते. हार, जानवे, कंठी आणि खडे आधी काढून घ्या. मूर्ती तीन वेळा पाण्याला टेकवून मग सोडा आणि तशीच राहू द्या. हाताने चोळू किंवा फोडू नका.

कच्च्या शाडूची मूर्ती काही तासांत बसू लागते आणि सकाळपर्यंत तळाला चिखल होतो. जाड रंगाची असेल, तर आणखी एक दिवस लागतो आणि रंगाचे पापुद्रे वर तरंगतात, ते गाळून काढावेत. दोन दिवसांनीही मूर्ती तशीच उभी असेल आणि नुसता रंग सुटला असेल, तर ते प्लास्टर आहे असे समजावे आणि नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या संकलन केंद्रावर द्यावे. वरचे पाणी रंगीत असेल तर ते तुळशीला न घालता मोठ्या झाडाच्या आळ्यात ओता. खालचा गाळ नुसता कुंडीत भरू नका. शाडू वाळला की विटेसारखा कडक होतो आणि मुळांना हवा मिळत नाही. एक भाग गाळाला तीन-चार भाग बागेतली माती आणि शेणखत मिसळावे. दहा दिवसांचे निर्माल्य दोरे काढून, चिरून त्यातच घातले तर दोन-अडीच महिन्यांत कुजते, आणि दिवाळीनंतर त्या मातीत मेथी पेरता येते.